पुरस्काराचा अर्ज लिहिताना

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेच्या निमित्ताने विश्वस्त, डॉक्टर, परिचारिका व हितचिंतक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या कार्यवाहांनी मला सांगितले की, यंदा आपले रुग्णालय एका गुणवत्ता पुरस्कारासाठी अर्ज करणार आहे, तेव्हा असे अर्ज कसे लिहावेत यावर चार शब्द बोलावेत. मी डॉक्टर नाही. गेली काही वर्षे धर्मादाय संस्थांचे अहवाल व अर्ज तपासून देण्याचे काम मी करीत आलो आहे. म्हणून सर्वसाधारण उपदेश करण्यापेक्षा माझ्या हातून गेलेल्या एकाच अर्जातील एका परिच्छेदाची हकीकत आपल्यापुढे मांडतो. रुग्णालयाचे नाव घेत नाही. त्यातील आकडेही मी मुद्दाम बदलून, हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत. ते केवळ रीत दाखविण्यापुरते आहेत, त्यांवरून कोणत्याही रुग्णालयाविषयी अनुमान काढू नये.

तो परिच्छेद प्रसूती विभागाचा होता. माझ्याकडे आला तेव्हा त्याचे रूप असे होते :

“आमच्या प्रसूती विभागाने संसर्ग नियंत्रणाच्या क्षेत्रात अभूतपूर्व क्रांती घडविली आहे. जागतिक दर्जाच्या सेवेमुळे आणि समर्पित कर्मचारीवृंदाच्या अथक परिश्रमांमुळे सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर जखमेत होणाऱ्या संसर्गात ७५ टक्के घट झाली असून हे प्रमाण आता जवळजवळ शून्यावर आले आहे. हजारो मातांच्या चेहऱ्यावरील समाधान हीच आमच्या कार्याची खरी पावती होय.”

असा मजकूर हाती आला की मी प्रथम पेन्सिल घेऊन बसतो. जो शब्द काढला तरी वस्तुस्थितीत काही उणे होत नाही, त्याखाली रेघ ओढतो. ‘अभूतपूर्व’, ‘क्रांती’, ‘जागतिक दर्जाच्या’, ‘समर्पित’, ‘अथक’, ‘हजारो’ अशा शब्दांखाली रेघा ओढून झाल्यावर एकच विधान उरले : संसर्गात ७५ टक्के घट. परीक्षकाला तपासता येईल असे त्या परिच्छेदात तेवढेच होते. बाकीचा मजकूर खोटा होता असे नव्हे. ‘समर्पित’ हा शब्द तेथील सिस्टरांना खरोखरच शोभणारा होता. परंतु तो आम्हीच आमच्याविषयी वापरला होता, आणि तोच शब्द दुसऱ्या साठ अर्जांतही असणार होता. परीक्षकाला त्यावरून एका रुग्णालयाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येत नाही.

आता ते एक विधान. ७५ टक्के घट म्हणजे कशापासून कशापर्यंत, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर आले की, आदल्या वर्षी ४०० सिझेरियनमध्ये ८ जखमा चिघळल्या आणि अर्जाच्या वर्षी ४०० मध्ये २. म्हणजे शेकडा २ वरून शेकडा अर्धा. गणित बरोबर होते. तरीही मी सुचविले की, शेकडेवारीच्या जागी मूळ आकडेच लिहावेत. घटनांची संख्या लहान असली की शेकडेवारी दिपवून टाकते. आठाचे दोन होणे हे काही अंशी योगायोगानेही घडू शकते, आणि मूळ आकडे समोर असले की वाचणाऱ्याला ते आपोआप कळते.

दुसरा प्रश्न : ८ आणि २ हे आकडे कोठून घेतले? उत्तर होते, “वॉर्डाच्या ड्रेसिंगच्या नोंदवहीतून.” मी ती वही मागविली. तिच्याबरोबर विभागाच्या प्रमुख सिस्टरही आल्या. पुढचे सर्व काम त्यांच्यामुळे झाले, हे येथे नमूद करतो.

वही नीट ठेवलेली होती. पण पाने उलटताना एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या वर्षाच्या आठही नोंदी शस्त्रक्रियेनंतर सातव्या ते दहाव्या दिवसांतील होत्या. बाळंतीण तर चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जाते. मग या नोंदी झाल्या कशा? मी विचारले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “अहो, आठव्या दिवशी टाके काढायला त्या परत यायच्याच ना. तेव्हाच आम्हांला दिसायचे, टाक्यातून पाणी येते आहे की पू आहे ते.” क्षणभर त्या थांबल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, “पण गेल्या वर्षीपासून आपण विरघळणारे टाके घालतो. आता टाके काढायला कोणी येतच नाही.”

त्या खोलीत आम्ही चौघे होतो. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. संसर्ग कमी झाला होता की संसर्ग आमच्या नजरेआड झाला होता, हे त्या वहीवरून सांगता येणे शक्य नव्हते.

हा मुद्दा येथे जरा विस्ताराने सांगतो, कारण रुग्णांचे आप्तेष्टही आज समोर आहेत. शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग मोजण्याची जी पद्धत जगभर मान्य आहे, तिच्यात सिझेरियननंतर ३० दिवसांपर्यंत लक्ष ठेवावे लागते. याचे कारण असे की, हा संसर्ग बहुतेक वेळा स्त्री घरी गेल्यानंतरच प्रकट होतो. ती कदाचित माहेरी गेलेली असते. जखम दुखू लागली की गावातल्या डॉक्टरांकडे जाते, गोळ्या घेते, बरी होते किंवा अधिक बिघडून तालुक्याला जाते. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेथे यातले काहीही कळत नाही. म्हणून ‘आमच्याकडे संसर्ग शून्य आहे’ असे कोणी लिहिले की प्रथम विचारावे, घरी गेलेल्यांपैकी किती जणींची चौकशी तुम्ही केली? ज्या रुग्णालयाने चौकशी केली नाही त्याचा आकडा नेहमीच सुंदर दिसतो, आणि ज्याने मनापासून केली त्याचा वाईट दिसतो. पुरस्कारांच्या परीक्षकांपैकी जे जाणते असतात त्यांना हे ठाऊक असते, म्हणून शून्य दिसले की ते खूश होण्याऐवजी सावध होतात.

आता काय करावयाचे? अर्जाची मुदत संपायला सुमारे दोन महिने होते. एक पर्याय होता, ७५ टक्क्यांचे वाक्य तसेच ठेवणे. विश्वस्तांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी स्पष्टच विचारले, “वहीत जे आहे तेच आपण लिहिले, यात खोटे काय?” त्यांचा हेतू चांगला होता. सिस्टरांनीच उत्तर दिले : “साहेब, वहीत ज्या नाहीत त्या बायका गेल्या कुठे, हे मला माहीत नाही.” त्यावर चर्चा संपली.

त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. नुकत्याच संपलेल्या तीन महिन्यांतील सिझेरियनची यादी शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीतून काढली. त्या १०० जणी होत्या. यादी केसपेपरांवरून न करता शस्त्रक्रियागृहाच्या वहीवरून केली, याला महत्त्व आहे. केसपेपर हरवतात, मागे-पुढे होतात, आणि हरवलेला केसपेपर बहुधा गुंतागुंत झालेल्या रुग्णाचाच असतो. शस्त्रक्रियागृहाच्या वहीत मात्र प्रत्येक शस्त्रक्रिया क्रमाने लिहिलेली असते. भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे एकूण किती जणींपैकी, हा नेहमी अशा वहीतून घ्यावा की जिच्यातून कोणी सहज गळत नाही.

दोन परिचारिका मंगळवारी व शुक्रवारी दुपारी फोन करीत. ज्यांचे ३० दिवस पुरे झाले नव्हते त्यांना ते पुरे झाल्यावरच फोन केला. प्रश्न ठरलेले होते आणि सर्वांना एकाच शब्दांत विचारले जात : ताई, टाके कोरडे आहेत का? पू किंवा पाणी आले होते का? कोणा डॉक्टरांनी जखम उघडली का? त्यासाठी औषध घ्यावे लागले का? १०० पैकी ८८ जणींशी बोलणे झाले, १२ जणींचे नंबर लागले नाहीत. सात जणींनी काही ना काही तक्रार सांगितली. फोनवरची तक्रार म्हणजे निदान नव्हे, म्हणून त्या सातही जणींना एक तर तपासणीसाठी बोलाविले, किंवा बाहेरच्या डॉक्टरांचे कागद मागवून घेतले. संसर्गाची व्याख्या आधीच लिहून ठेवली होती. त्या व्याख्येत चार जणी बसल्या. उरलेल्या तिघींना टाक्यांजवळ केवळ खाज व थोडी सूज होती.

म्हणजे खरा आकडा ८८ मध्ये ४. शेकडा साडेचार. जवळजवळ शून्य असे ज्याला म्हटले होते, त्याच्या नऊपट.

त्या चौघींपैकी एकीची जखम खोलवर उघडली होती. तिने दुसऱ्या एका रुग्णालयात जाऊन पुन्हा टाके घालून घेतले होते. आमच्याकडे ती का आली नाही असे विचारल्यावर ती म्हणाली, “तुम्ही परत या म्हणून सांगितलेच नव्हते.” खरे होते. टाके काढायचे नव्हते, म्हणून तारीख दिली नव्हती. पुरस्काराचा अर्ज तपासता तपासता रुग्णसेवेतले एक छिद्र सापडले, आणि त्या दिवसापासून डिस्चार्ज कार्डावर आठव्या दिवसाची तारीख पुन्हा लिहिली जाऊ लागली.

आता आपण म्हणाल, मग अर्जात लिहायला उरले काय? या टप्प्यावर बहुतेक संस्था तो परिच्छेदच गाळून टाकतात आणि मोफत शिबिरांची संख्या लिहून मोकळ्या होतात. पण विभागाने वर्षभर काही काम केले होते, ते मोजणे शक्य होते. भूलतज्ज्ञांच्या आग्रहावरून त्यांनी प्रतिजैविकाच्या इंजेक्शनची वेळ बदलली होती. पूर्वी ते बाळाची नाळ कापल्यावर देत. आता पोटावर छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात देऊ लागले होते. जंतू जखमेत शिरतात तेव्हा औषध रक्तात व ऊतींत आधीच असले पाहिजे, हे त्यामागील साधे कारण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेतील संसर्ग रोखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हे औषध छेदापूर्वी देण्यास सांगितले आहे. ‘जागतिक दर्जा’ हे शब्द आम्ही खोडले होते, त्यांच्या जागी आता या मार्गदर्शक तत्त्वांचे नाव व वर्ष आले. तेथे जग खरोखरच होते, आणि परीक्षकाला ते उघडून पाहता येत होते.

मोजणी अशी केली. दोन्ही वर्षांच्या शस्त्रक्रियागृहाच्या वहीतून दर आठवी सिझेरियन घेतली, म्हणजे प्रत्येक वर्षाचे ५० केसपेपर झाले. भुलीच्या नोंदपत्रावर इंजेक्शनची वेळ आणि छेदाची वेळ या दोन्ही असतात, त्यांचा मेळ घातला. पहिल्या वर्षी ५० पैकी २१ मध्ये औषध छेदापूर्वीच्या तासात दिलेले आढळले, दुसऱ्या वर्षी ५० पैकी ४६ मध्ये. आनंद व्हावा असाच हा फरक होता. परंतु येथेही सिस्टरांनी बोट ठेवले. पहिल्या वर्षाच्या उरलेल्या २९ पैकी १७ कागदांवर वेळच लिहिलेली नव्हती आणि त्या सर्व आम्ही ‘दिले नाही’ अशा धरल्या होत्या. तेव्हा सुधारणा काही अंशी औषध देण्याची आणि काही अंशी वेळ लिहिण्याची होती. मग ज्या कागदांवर वेळ आहे तेवढेच घेऊन पाहिले : पहिल्या वर्षी ३३ पैकी १२ जणींना औषध उशिरा मिळाले होते, दुसऱ्या वर्षी ४९ पैकी ३ जणींना. फरक तरीही ठळक होता, आणि आता तो कोणाच्याही प्रश्नापुढे टिकणारा होता.

शेवटी अर्जात गेलेला परिच्छेद असा :

“सिझेरियनपूर्वीचे प्रतिजैविक छेदाआधीच्या एका तासात देण्याची पद्धत आम्ही अर्जाच्या वर्षाच्या आरंभी सुरू केली. दर आठवा केसपेपर या रीतीने प्रत्येक वर्षाचे ५० केसपेपर तपासले असता, आदल्या वर्षी २१ व या वर्षी ४६ रुग्णांना औषध वेळेत मिळाले होते (पुरावा : भुलीची नोंदपत्रे, परिशिष्ट १). आदल्या वर्षीच्या १७ नोंदपत्रांवर वेळ नव्हती. केवळ वेळ नोंदलेली नोंदपत्रे घेतल्यास उशीर झालेल्या रुग्णांचे प्रमाण ३३ पैकी १२ वरून ४९ पैकी ३ वर आले. जखमेतील संसर्गाचे आमचे पूर्वीचे आकडे टाके काढण्यास परत येणाऱ्या रुग्णांवर आधारलेले होते. विरघळणारे टाके वापरू लागल्यावर ते विश्वासार्ह राहिले नाहीत, म्हणून येथे दिलेले नाहीत. या वर्षी ३० दिवसांनी दूरध्वनीवरून चौकशी सुरू केली. पहिल्या १०० रुग्णांपैकी ८८ जणींशी संपर्क झाला व ४ जणींना संसर्ग झाल्याचे निश्चित झाले (पुरावा : दूरध्वनी नोंदवही, परिशिष्ट २). औषधाची वेळ बदलल्याने संसर्ग कमी झाला किंवा कसे, हे या माहितीवरून आम्ही सांगू शकत नाही.”

या मजकुरात एकही विशेषण गौरवाचे नाही, आणि ‘समर्पित कर्मचारीवृंद’ आता नोंदवहीतल्या शंभर फोनांच्या रूपाने हजर आहे. शेवटचे वाक्य घालताना मात्र बराच वाद झाला. काहींना वाटले की हे आपणहून कशाला कबूल करावे? माझे म्हणणे असे होते की, त्याच वर्षी टाक्यांचा धागा बदलला होता, शस्त्रक्रियागृहाचे नूतनीकरण झाले होते, एक नवे भूलतज्ज्ञही आले होते. अशा वेळी श्रेय एकाच गोष्टीला देणे म्हणजे तीही आत्मस्तुतीच, फक्त विशेषणांऐवजी आकड्यांत केलेली. ती ओळखणे अधिक कठीण असते.

‘हजारो मातांचे समाधान’ या वाक्याचेही सांगतो. विभागाकडे आभाराच्या पत्रांची एक फाइल होती आणि ती अर्जाला जोडावी अशी फार इच्छा होती. पत्रे हृद्य होती. पण ती ज्यांनी आपणहून लिहिली त्यांचीच होती. जी स्त्री दुसऱ्या रुग्णालयात टाके घालायला गेली, तिचे पत्र त्या फाइलीत कसे असणार? शिवाय पत्रांवर नावे होती, काहींबरोबर बाळांची छायाचित्रे होती, आणि ती बाहेर देण्यास कोणाची संमती घेतलेली नव्हती. फाइल विभागातच राहिली, आणि तेच तिचे योग्य स्थान होते.

परिशिष्टांविषयी थोडे. अर्जातील प्रत्येक आकड्यासमोर त्याचा पुरावा कोणता, तो कोठे ठेवला आहे, आकडा कोणी काढला आणि दुसऱ्या कोणी पडताळला, एवढे एका तक्त्यात लिहावे. ज्या आकड्यापुढे हे रकाने भरता येत नाहीत तो आकडा अर्जातून काढावा, मग तो कितीही आवडता असो. अमेरिकेत १९८७ साली कायद्याने सुरू झालेला बाल्ड्रिज पुरस्कार आणि त्याच धर्तीवर १९९६ साली मुंबईत इंडियन मर्चंट्स चेंबरने सुरू केलेला रामकृष्ण बजाज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार, यांच्या पद्धतीत परीक्षक प्रत्यक्ष भेटीसही येतात. भेटीत ते अर्ज पुन्हा वाचीत बसत नाहीत, वही मागतात. पुढे त्या रुग्णालयातही परीक्षक आले तेव्हा त्यांनी प्रथम दूरध्वनीची नोंदवही मागितली आणि ज्या १२ जणींचा संपर्क झाला नाही त्यांच्यासाठी किती वेळा प्रयत्न केला, असे विचारले. सिस्टरांनी पान उघडून दाखविले. प्रत्येकीपुढे तीन तारखा होत्या.

आपल्या अर्जाचा मसुदा कार्यवाहांनी माझ्याकडे दिला आहे, तो मी काल रात्री वाचला. त्यातील डायलिसिस विभागाच्या परिच्छेदात ‘रुग्णांच्या जीवनमानात लक्षणीय सुधारणा’ असे शब्द आहेत. उद्या सकाळी दहा वाजता त्या विभागाच्या सिस्टर आणि तंत्रज्ञ यांनी आपापल्या नोंदवह्या घेऊन बसावे, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक रुग्णाचे ठरलेले डायलिसिस आणि प्रत्यक्षात झालेले डायलिसिस यांची नोंद कोणत्या वहीत आहे, येथून आपण सुरुवात करू.